नव्वद ग्रॅमचा हिशेब

आयसीयूतून वॉर्डात पेशंट येतो तेव्हा त्याच्यामागून जाडजूड फाइल येते, औषधांची पिशवी येते, एक्स-रेची पाकिटं येतात. या सगळ्यात आहाराबद्दल बहुतेक वेळा दोनच शब्द सापडतात: 'सॉफ्ट डाएट'. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि या दोन शब्दांशी माझं जुनं भांडण आहे. अन्न मऊ द्या एवढंच त्यातून कळतं. किती द्यायचं, तोंडाने की नळीतून, आणि खाल्लं गेलं नाही तर काय करायचं, याचा पत्ता नसतो.

एका काकांची गोष्ट सांगते. वय ५८, उंची १६५ सेंटिमीटर, आजारापूर्वी वजन ६० किलो. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया झाला. एकूण १९ दिवस आयसीयूत, त्यातले १२ व्हेंटिलेटरवर. वॉर्डात आले त्याच दिवशी नाकातली राइल्स ट्यूब काढलेली होती. नळी निघाली की घरच्यांना हायसं वाटतं, डॉक्टरांनाही ती प्रगतीची खूण वाटते. तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं, कारण काकांना पलंगाच्या कडेला बसवलं तरी मान सावरत नव्हती.

इतक्या दिवसांत शरीरात काय झालेलं असतं ते आधी सांगायला हवं. लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली आयसीयूतल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने पुन्हा पुन्हा मोजला. दहा दिवसांत त्याचं क्षेत्रफळ सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास घटलं होतं, आणि ज्यांचे अनेक अवयव एकदम बिघडले त्यांचं त्याहून जास्त. नुसतं पडून राहिल्यामुळे एवढं होत नाही. जंतुसंसर्गाशी झुंजताना शरीर स्नायू मोडून त्यातली प्रथिनं वापरतं, आणि नवा स्नायू बांधायचं काम जवळजवळ थांबवतं.

मग पहिल्या दिवसापासूनच भरपूर प्रथिनं का ओतत नाहीत, असा प्रश्न पेशंटचा मुलगा हमखास विचारतो. तसं करून पाहिलं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तेराशेच्या आसपास रुग्णांपैकी निम्म्यांना किलोमागे रोज २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं देण्याचं ठरलं, निम्म्यांना १.२ किंवा कमी. जास्तवाल्यांना फायदा झाला नाही. मूत्रपिंडाला इजा झालेल्यांत तर नुकसानाकडे कल दिसला. आगीत वीट रचता येत नाही, तसंच हे. म्हणून आयसीयूत हळूहळू चढवत साधारण १.३ ग्रॅमपर्यंत नेतात. आग विझल्यावर, म्हणजे नेमकं वॉर्डात, बांधकामाची वेळ येते. इथे दीड ते दोन ग्रॅमचं उद्दिष्ट धरतात. हा आकडा बराचसा तज्ज्ञांच्या अनुभवावर बेतलेला आहे, चाचण्यांनी पक्का झालेला नाही. पण धडधाकट माणसाला लागतात ०.८३ ग्रॅम, आणि स्नायू झिजलेल्याला त्याहून बरीच जास्त लागणार, याबद्दल फारसा वाद नाही.

काकांसाठी मी दीड ग्रॅम धरले. साठ किलोला रोज ९० ग्रॅम प्रथिनं आणि १८०० कॅलरी. मग आदल्या दिवसाचा हिशेब घेतला. नर्सिंग चार्टवर प्रत्येक जेवणापुढे 'टेकन' लिहिलेलं होतं. ताट गोळा करणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, अर्धं परत येतं. कधी काकूच खातात." आणि त्यात काकूंचा दोष नव्हता, दिवसरात्र पलंगापाशी बसलेली बाई समोरचं अन्न वाया कसं घालवेल?

काकूंनी बोटांवर मोजत सांगितलं. सकाळी अर्धा कप चहा: १ ग्रॅम. नाश्त्याला अर्धी बशी शिरा: २. अकरा वाजता शहाळं: प्रथिनं शून्य धरा. दुपारी मऊ वरण-भात, अर्धा: ५. चहा आणि दोन बिस्किटं: २. रात्री पाव ताट खिचडी: ३. झोपताना कपभर दूध: ५. एकूण १८ ग्रॅम. कॅलरी साडेसातशेच्या आत. म्हणजे कॅलरी गरजेच्या चाळीस टक्के आणि प्रथिनं फक्त पाचवा हिस्सा. पोटात काहीतरी जातंय असं सगळ्यांना दिसत होतं, पण ते होतं साखर-तांदूळ आणि पाणी. आजाऱ्याला 'हलकं' द्यायची आपली रीत वाईट नाही, फक्त तिच्यात डाळ पातळ होत जाते आणि शहाळी वाढत जातात.

हे काकांपुरतं नाही. व्हेंटिलेटर सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ५० रुग्णांनी तोंडाने किती खाल्लं, याची नोंद एका अमेरिकी अभ्यासात आहे. सातही दिवस सरासरी गरजेच्या निम्म्याच्या वर गेली नाही. चव गेलेली असते, घसा दुखतो, चमचा उचलताना हात थरथरतो, चार घासांत दम लागतो. काहींना गिळताना ठसका न लागताच अन्न श्वासनलिकेत जातं, म्हणून गिळण्याची तपासणी आधी करावी लागते. काकांची ती आयसीयूतच झाली होती आणि ठीक होती, पण तो कागद वॉर्डाच्या फाइलीत नव्हता. एक अख्खा दिवस सिस्टरांनी त्यांना पाण्याचा घोटसुद्धा भीत भीत दिला.

नुसत्या ताटाने ही तूट भरणार नव्हती. नळी पुन्हा घालायची, असं ठरलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुन्हा नाकात?" एवढंच त्या म्हणाल्या. या वेळी बारीक, मऊ नळी घातली, एक्स-रेवर जागा पाहिली आणि दिवसा ती बंद ठेवली, म्हणजे भूक मरणार नाही. रात्री ९ ते सकाळी ६, पंपाने तासाला १०० मिली, पलंगाचं डोकं वर केलेलं. नऊ तासांत ९०० मिली, त्यातून ९०० कॅलरी आणि ३६ ग्रॅम प्रथिनं. हाच द्रव ते आयसीयूत पचवत होते, म्हणून पूर्ण वेगाने सुरू करता आला. मध्ये बरेच दिवस उपास पडला असता तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम तपासत हळूहळू चढवावं लागलं असतं.

ही नळी शिफ्टिंगच्या दिवशी काढलीच नसती तर दुसऱ्यांदा घालावी लागली नसती. मला त्याचा अजून राग येतो.

आता दिवसाचा भाग. मोडकळलेला स्नायू प्रथिनांना लवकर दाद देत नाही. दिवसभर दोन-दोन ग्रॅम थेंबथेंब गेले तर उपयोग कमी. एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅम गेले तर बांधणीला जोर मिळतो. म्हणून शिऱ्याच्या जागी दोन अंड्यांची मऊ भुर्जी आली, रात्रीचं दूध सकाळी आलं आणि त्यात १० ग्रॅम प्रथिनांची पावडर: नाश्त्यालाच २७ ग्रॅम. शहाळं बंद करून त्या वेळी ताक, त्यातही तेवढीच पावडर, म्हणजे १२ ग्रॅम. हे ताक फिजिओथेरपी संपल्या संपल्या द्यायचं, कारण काम केलेला स्नायू प्रथिनं जास्त उचलतो. आणि काम म्हणजे काय, तर सुरुवातीला दहा मिनिटं पलंगाच्या कडेला बसणं, मग दोघांच्या आधाराने खुर्चीतून उठणं. हालचाल नसेल तर वाढीव खाण्याची चरबीच होते. दिवसाचे ५० आणि रात्रीचे ३६ मिळून ८६ ग्रॅम झाले. शनिवारी काका अंडं खात नाहीत, त्या दिवशी ६० ग्रॅम पनीर.

सहाव्या दिवशी मुलगा रागावून आला. शिफ्टिंगच्या दिवशी वजन ६१ किलो होतं, आता ५४. "तुमच्या वॉर्डात येऊन माझ्या वडिलांचे सात किलो उतरले!" त्याला पावलं दाखवली. आयसीयूतून आले तेव्हा घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडत होता, आता हाडं दिसत होती. ते ६१ किलो सलाइनच्या पाण्याने फुगलेलं होतं. खरी झीज आधीच झालेली होती, पाणी उतरल्यावर फक्त उघडी पडली. क्रिएटिनिनही असंच फसवतं. ते स्नायूंतून तयार होतं, म्हणून स्नायूच कमी असले की रिपोर्ट छान येतो आणि मूत्रपिंड आहे त्याहून चांगलं भासतं. काकांचं युरिया आणि क्रिएटिनिन आम्ही दर तीन दिवसांनी एकत्र पाहत होतो. म्हणून प्रगती मोजायला मी हाताच्या पकडीचं यंत्र जास्त मानते. पुरुषाची पकड ११ किलोच्या खाली असेल तर आयसीयूतल्या झिजेचा संशय घेतात. काकांची पहिल्या दिवशी ९ होती, दोन आठवड्यांनी १४.

त्यानंतर मी आयसीयूच्या शिफ्टिंग नोटमध्ये आहाराचा एक परिच्छेद घालायचा हट्ट धरला. काकांसाठी तो असा लिहिला गेला असता: आजारापूर्वीचं वजन ६०, आजचं ६१, पायांवर सूज. रोजचं उद्दिष्ट ९० ग्रॅम प्रथिनं, १८०० कॅलरी. गेल्या तीन दिवसांत नळीतून प्रत्यक्षात किती गेलं तो आकडा. गिळण्याची तपासणी झाली, बसवून छोटे घोट चालतील. नळी ठेवावी, तोंडाने सलग तीन दिवस ६० ग्रॅम आणि १२०० कॅलरी गेल्या तरच काढावी. जेवणानंतर 'टेकन' न लिहिता पाव, अर्धं, पाऊण असं लिहावं. खाली आहारतज्ज्ञाचं नाव आणि पुन्हा कधी पाहणार ती तारीख. यात सगळ्यात जास्त भांडण नळीच्या अटीवर होतं, आणि सगळ्यात जास्त उपयोगही तिचाच होतो, कारण रात्रीच्या ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला नळी का ठेवली आहे ते कुणाला न विचारता कळतं.

काकांनी ती अट वॉर्डातल्या बाराव्या दिवशी पूर्ण केली आणि नळी निघाली. दीड महिन्याने ओपीडीत आले तेव्हा वजन ५७ होतं आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवलं. काकूंनी पर्समधून घडी पडलेला कागद काढला. त्यावर रोजच्या तारखेपुढे ग्रॅम लिहिलेले होते, आणि शनिवारपुढे प्रत्येक वेळी न चुकता 'पनीर'.