आउटगोइंग बंद: थकबाकी की मर्यादा?

फोन येतात, आलेल्या फोनवर नीट बोलताही येतं. पण आपण कुणाला लावायला गेलो की रिंग जायच्या आतच ‘या क्रमांकावरील आउटगोइंग सेवा बंद आहे’ अशी सूचना वाजते, किंवा काहीच न वाजता कॉल तुटतो. घरात वायफाय असेल तर ही गोष्ट लक्षात यायलाच दोन-तीन दिवस जातात, कारण व्हॉट्सॲपचे कॉल व्यवस्थित लागत असतात. काहींना पहिला झटका बसतो तो नव्या हँडसेटवर यूपीआय सुरू करताना. ते ॲप आपल्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. आउटगोइंग अडवलेलं असेल तर सहसा हा एसएमएसही अडतो, आणि माणूस बँकेच्या नावाने बोटं मोडत बसतो.

मोबाइलच्या दुकानात याला ‘ओजी बार झालंय’ म्हणतात. प्रीपेडमध्ये प्लॅन संपला की सेवा थांबते, त्यात कोडं काही नसतं. पोस्टपेडमध्ये मात्र बार होण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांची गल्लत झाली की पैसे भरूनही फोन सुरू होत नाही. पहिलं कारण सगळ्यांना ठाऊक असतं: बिलाची अंतिम तारीख उलटून गेली. कंपनी आधी आठवणीचे मेसेज पाठवते, मग आउटगोइंग बंद करते, तरीही पैसे आले नाहीत तर इनकमिंग, आणि शेवटी नंबर कायमचा बंद. दुसरं कारण म्हणजे क्रेडिट लिमिट, आणि खरा घोळ तिथेच होतो.

किराणा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकासाठी मनात उधारीचा एक आकडा धरून असतो, तसा कंपनीनेही आपल्या नंबरापुढे एक आकडा लिहिलेला असतो. प्लॅन, अनामत रक्कम आणि आजवर बिलं कशी भरली यावर तो साधारण ठरतो. त्यात फक्त आलेलं बिल मोजलं जात नाही. बिल निघाल्यानंतर झालेला, अजून बिलात न आलेला वापरही धरतात. ॲपमध्ये तो ‘अनबिल्ड’ या नावाखाली दिसतो.

एक कल्पित हिशोब मांडून पाहू. साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा प्लॅन महिना 499 रुपयांचा. 18 टक्के जीएसटी धरून बिल 589 रुपये. बिल 5 तारखेला निघतं, भरायची मुदत 22 पर्यंत. क्रेडिट लिमिट 1500. मुलगी बाळंतपणासाठी न्यू जर्सीत दवाखान्यात, म्हणून त्यांनी त्या आठवड्यात व्हॉट्सॲपची वाट न पाहता थेट आयएसडी कॉल केले. 15 तारखेपर्यंत या कॉलचे करासह 960 रुपये झाले. 589 आणि 960 मिळून 1549. मर्यादा ओलांडली, आउटगोइंग बंद. मास्तरांचं म्हणणं रास्तच वाटतं, ‘अहो, मुदत तर 22 पर्यंत आहे!’ पण मुदत बिलाची होती आणि बार झाला तो मर्यादेमुळे. त्यांनी 589 भरले तर उरतात 960, म्हणजे मर्यादेच्या आत, आणि फोन सुरू होईल.

आता हेच थोडं बदलून बघा. बिल त्यांनी 8 तारखेलाच भरलं होतं, पण आयएसडीचेच 1540 रुपये झाले. ॲप उघडलं की देय रक्कम शून्य दिसते आणि तरीही फोन बंद! अशा वेळी ‘मी तर सगळं भरलंय’ हा वाद घालून काही होत नाही. पुढच्या बिलापोटी चार-पाचशे रुपये आगाऊ भरायचे किंवा मर्यादा वाढवून मागायची, एवढाच मार्ग असतो. परदेशी कॉल आणि परदेशातलं रोमिंग हीच अशी खाती झटकन फुगवणारी कारणं. देशातले कॉल आता बहुतेक प्लॅनमध्ये अमर्याद असतात.

मर्यादा अचानक अंगावर येऊ नये म्हणून ट्रायने 2005 मध्येच कंपन्यांना सांगितलं होतं की ग्राहकाला त्याची मर्यादा आधी कळवा आणि 80 टक्के वापर झाला की इशारा द्या. जाहिरातींच्या ढिगात तो मेसेज हरवतो हे खरं. म्हणून शोधायची पहिली जागा म्हणजे मेसेजचा इनबॉक्स: कंपनीच्या नावाने ‘लिमिट’ किंवा ‘ओव्हरड्यू’ शोधा.

तिथे काही सापडलं नाही तर बार खरंच कंपनीने केलाय का, हे आधी पाहावं. दोन सिम असतील तर कॉल कुठल्या सिमवरून जातोय हे तपासा. निम्मे गोंधळ इथेच मिटतात. मग सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घाला. कंपनीचा बार हँडसेटमध्ये नसतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर आपल्या नंबराच्या नोंदीत असतो, त्यामुळे तो सिमबरोबर दुसऱ्या फोनवरही येतो. दुसऱ्या फोनवर कॉल लागला तर दोष आपल्या हँडसेटच्या सेटिंगमध्ये आहे. ‘कॉल बारिंग’ नावाची सोय ग्राहक स्वतःही चालू करू शकतो, कधी मुलांच्या हातून ती चालू होते. तिची स्थिती या कोडने विचारता येते:

```
*#33#
```

पण उत्तराचा अर्थ जपून लावावा. इथे ‘बंद’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ आपण स्वतः बारिंग लावलेलं नाही इतकाच. कंपनीचा बार ही वेगळी नोंद आहे आणि ती या कोडला दिसत नाही. शिवाय काही नेटवर्कवर हा कोड उत्तरच देत नाही.

शेवटचा शब्द कंपनीचाच. आउटगोइंग बार असलं तरी ग्राहक सेवेचा नंबर सहसा लागतो, तक्रारीसाठी 198. तिथे ‘माझा फोन लागत नाही’ असं मोघम सांगितलं तर हँडसेट बंद करून चालू करा, हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारावं: ‘माझ्या नंबरावर आउटगोइंग बार आहे का? असेल तर थकबाकीमुळे की क्रेडिट लिमिटमुळे? माझी मर्यादा किती, आणि आज अनबिल्ड किती?’ या प्रश्नांची उत्तरं त्यांच्या पडद्यावर समोरच असतात.

पैसे भरल्यावर बार बहुधा काही मिनिटांत निघतो. त्यानंतर एकदा एअरप्लेन मोड चालू-बंद करावा. दुसऱ्या कंपनीच्या ॲपमधून भरलेली रक्कम खात्यात जमा व्हायला मात्र वेळ लागू शकतो, म्हणून व्यवहार क्रमांक जपून ठेवा. रक्कम जमा दिसते, मर्यादाही ओलांडलेली नाही आणि फोन तरीही बंदच, असं असेल तर 198 वर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक घ्या. तो नसेल तर पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना हातात काहीच उरत नाही.

एक मात्र लक्षात असू द्या. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, 9 दाबा’ असे ट्रायच्या नावाने येणारे फोन खोटे असतात; कुणाचा नंबर तोडण्यासाठी ट्राय फोन करत नाही. कुणी फोनवर 401 ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगितला तर अजिबात करू नका, त्याने तुमचे कॉल दुसऱ्याच्या नंबरावर वळतात. थकबाकी खरी असेल तर ती कंपनीच्या ॲपमध्ये दिसतेच.