सौद्याची वेळ 11:42:18

मामांनी ब्रोकरला लिहिलेलं पहिलं पत्र दीड पानांचं होतं. वीस वर्षांचे संबंध, विश्वास, ज्येष्ठ नागरिक, डोळ्यांत धूळफेक असं सगळं त्यात होतं. नव्हता तो ऑर्डरचा क्रमांक. पत्राचा गाभा एका वाक्यात मावत होता: ‘मी 642 ला विका म्हणालो होतो, तुम्ही 629.52 ला विकलेत.’ त्यातला दुसरा आकडाही चुकलेला होता.

ब्रोकरचं उत्तर दोन ओळींत आलं. ‘आपला सौदा बाजारभावाने झालेला असून कॉन्ट्रॅक्ट नोट आपणास पाठवली आहे. कृपया नोंद घ्यावी.’

मामांचा सगळा व्यवहार अजून फोनवर चालतो. ब्रोकरच्या ऑफिसात फोन लावायचा, डीलरला शेअरचं नाव, संख्या आणि भाव सांगायचा, की तो समोरच्या टर्मिनलवर ऑर्डर पंच करतो. त्या मंगळवारी, 12 ऑगस्टला, मामांनी एका बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीचे 300 शेअर विकायला सांगितले होते. भाव तेव्हा 632च्या आसपास होता आणि मामांना 642च्या खाली द्यायचे नव्हते. रात्री ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट आली आणि मामांची झोप उडाली.

मी म्हटलं, “मामा, पत्र राहू द्या. आधी ती नोट काढा.”

सौदा झाल्यापासून 24 तासांच्या आत ब्रोकरने ग्राहकाला कॉन्ट्रॅक्ट नोट द्यावी, असा सेबीचा नियम आहे. बहुतेक लोक ती उघडतात, शेवटचा आकडा बघतात आणि बंद करतात. भांडण असेल तेव्हा बघायचं ते मधल्या रकान्यांत. तिथे ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची वेळ, ट्रेड क्रमांक, ट्रेडची वेळ, संख्या, दर आणि दलाली वजा केल्यानंतरचा निव्वळ दर असतो. वरच्या पानावर नुसती सरासरी छापलेली असेल तर हा तपशील मागच्या पुरवणीत सापडतो. वेळ सेकंदापर्यंत असते, आणि मामांच्या प्रकरणात ती सेकंदंच बोलली.

मामांचे 300 शेअर एकाच दराने गेले नव्हते. 120 गेले 632.10 ला, 100 गेले 631.20 ला आणि उरलेले 80 गेले 630.65 ला. मोठी ऑर्डर अशी तुकड्यांत जाणं नेहमीचंच. समोर जितके घेणारे ज्या दराला उभे असतील तितकी ती त्या दराला भागते. तिन्हींची बेरीज 1,89,424 रुपये, म्हणजे शेअरमागे सरासरी 631.41. मामांनी पत्रात लिहिलेला 629.52 हा दलाली कापल्यानंतरचा निव्वळ दर होता. विक्रीत निव्वळ दर सौद्याच्या दरापेक्षा कमी दिसणारच. तक्रारीत तो घातला, की ‘ग्राहकाला नोट वाचता येत नाही’ असं समजायला ब्रोकर मोकळा होतो.

मग वेळ पाहिली. ऑर्डर 11:42:17 ला नोंदली गेली आणि तिन्ही सौदे 11:42:18 ला झाले. एका सेकंदात सगळं संपलं होतं.

शेअर बाजाराचं यंत्र ऑर्डर जुळवताना आधी दर पाहतं, मग वेळ. विकणाऱ्याने ‘642 किंवा जास्त’ अशी मर्यादा घातली असेल, म्हणजे लिमिट ऑर्डर टाकली असेल, तर यंत्र ती 641.95 लाही देत नाही. भाव 632 असताना 642ची विक्री-ऑर्डर यादीत नुसती पडून राहिली असती. ती सेकंदात सुटली, याचा अर्थ बाजारापर्यंत 642 हा आकडा पोचलाच नव्हता. एकतर डीलरने मर्यादा न घालता बाजारभावाची ऑर्डर टाकली होती, नाहीतर मर्यादा 632च्या खालची घातली होती. विक्रीची मर्यादा चालू भावाच्या खाली असली तरी यंत्र समोरचा सर्वांत चांगला दर देतं, त्यामुळे दोन्ही प्रकारांत नोट अगदी सारखी दिसते. ऑर्डरचा प्रकार आणि मर्यादा नोटेवर छापलेली नसते. ती ब्रोकरच्या संगणकातल्या ऑर्डर-लॉगमध्ये असते.

म्हणजे ‘सौदा बाजारभावाने झाला’ हे ब्रोकरचं उत्तर खोटं नव्हतं. फक्त ते मामांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

इथे थोडं कडू बोलायला हवं. चुकीच्या दराच्या तक्रारींत ज्या माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या बऱ्याच टिकण्यासारख्या नसतात. माणूस स्वतःच मोबाइलवर ‘मार्केट’ ऑर्डर टाकतो, पडद्यावर 100 दिसत असतात आणि सौदा 101.50 ला होतो. पडद्यावरचा आकडा हा आधीच होऊन गेलेल्या सौद्याचा असतो, पुढच्याला त्याची हमी नसते. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तर मधे मोठी दरी असते. कुणी सौद्याचा दर दिवसाच्या बंद भावाशी ताडून पाहतो, पण बंद भाव ही बहुतेक शेअरांत शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असते. कुणी बीएसईवरचा सौदा एनएसईच्या भावाशी जोडतो. असली पत्रं परत येतात आणि ते बरोबरच असतं.

मामांचं तसं नव्हतं. पण लिहिण्याआधी एक अडचणीचा प्रश्न मामांना विचारावाच लागला. “समजा डीलरने बरोबर 642 टाकले असते, तर शेअर गेले असते का?”

मामा चिडले. “म्हणजे तू त्यांच्या बाजूचा?”

प्रश्न बाजूचा नव्हता, नुकसानीचा होता. 11:42 नंतर भाव 642 पर्यंत चढलाच नसता, तर योग्य ऑर्डर संध्याकाळी आपोआप रद्द झाली असती आणि शेअर मामांकडेच राहिले असते. मग शेअरमागे साडेदहा रुपये मागायला आधार उरला नसता. मागणी वेगळी झाली असती: न सांगता विकलेले शेअर परत घेऊन द्या. एक्स्चेंजच्या रोजच्या भाव-फाइलमध्ये, जिला बाजारात भावकॉपी म्हणतात, त्या दिवसाचा उच्चांक 646.80 होता. पण तो किती वाजता झाला हे तिथे नसतं. मिनिटा-मिनिटाचा आलेख काढला तेव्हा दिसलं, की पावणेदोनच्या सुमारास भाव 642 ओलांडून गेला आणि जवळजवळ अर्धा तास वर राहिला. त्या वेळात झालेल्या उलाढालीपुढे मामांचे 300 शेअर काहीच नव्हते. म्हणजे ते गेले असते, हे सांगता येत होतं.

दुसरं पत्र मग एका पानात बसलं. ते शाखेच्या व्यवस्थापकाला न पाठवता कॉन्ट्रॅक्ट नोटेवरच छापलेल्या तक्रारींच्या ईमेलवर पाठवलं. क्रमांक गाळून त्याचा मजकूर असा:

‘विषय: माझ्या सूचनेपेक्षा कमी दराने झालेली विक्री, ग्राहक संकेत अमुक, दिनांक 12 ऑगस्ट 2025.

त्या दिवशी सकाळी 11:40च्या सुमारास माझ्या नोंदणीकृत मोबाइलवरून आपल्या शाखेत फोन करून मी वरील कंपनीचे 300 शेअर 642 रुपयांच्या मर्यादेने विकण्यास सांगितले. आपल्या कॉन्ट्रॅक्ट नोटेनुसार ऑर्डर क्रमांक अमुक 11:42:17 ला नोंदली गेली आणि ट्रेड क्रमांक अमुक, अमुक व अमुक असे तीन सौदे 11:42:18 ला सरासरी 631.41 दराने झाले. 642 मर्यादेची ऑर्डर या दराने पूर्ण होऊ शकत नाही. म्हणजे नोंदलेली ऑर्डर माझ्या सूचनेप्रमाणे नव्हती.

कृपया (1) या ऑर्डरचा प्रकार व मर्यादा दाखवणारा ऑर्डर-लॉग आणि (2) माझ्या फोनचे ध्वनिमुद्रण द्यावे. त्याच दिवशी दुपारी भाव 642च्या वर होता, सोबत आलेख जोडला आहे. 642 दराने 1,92,600 रुपये आले असते, प्रत्यक्षात 1,89,424 आले. फरकाचे 3,176 रुपये माझ्या खात्यात जमा करावेत.’

यात एकही विशेषण नाही. मामांना ते फार कोरडं वाटलं. ‘फसवणूक’ हा शब्द तरी घालू, असा आग्रह होता. पण तो घातला की पत्र हेतू सिद्ध करण्याच्या भानगडीत पडतं. इथे हेतू नको होता, चूक पुरेशी होती.

ध्वनिमुद्रण मागण्यामागे कारण आहे. ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने ठेवलाच पाहिजे, असं सेबीने 2017च्या परिपत्रकात सांगितलं आणि ते पुढच्या वर्षी लागू झालं. सही असलेला कागद, फोनचं मुद्रण, ईमेल, एसएमएस किंवा इंटरनेट व्यवहाराचा लॉग, यांपैकी काहीतरी हवं. वाद झाला तर ते दाखवण्याची जबाबदारी ब्रोकरची. म्हणून ‘मी काय म्हणालो’ हे सिद्ध करायला मामांना साक्षीदार शोधावा लागला नाही. मात्र व्हॉट्सॲपवर किंवा डीलरच्या खाजगी मोबाइलवर ऑर्डर सांगणाऱ्यांचं बोलणं ब्रोकरच्या मुद्रणात नसतं, आणि मग प्रकरण तुझा शब्द माझा शब्द यावर येतं.

सौदा रद्द करून मागणं आम्ही टाळलं. जुळलेल्या सौद्याच्या पलीकडे तिसराच कुणी असतो आणि त्याने काही चूक केलेली नसते. 5 ऑक्टोबर 2012 ला मुंबईच्या एका ब्रोकिंग कंपनीच्या डीलरकडून 59 चुकीच्या ऑर्डर गेल्या, साडेसहाशे कोटींहून जास्त रकमेचे सौदे झाले आणि निफ्टी क्षणभर पंधरा टक्क्यांहून जास्त कोसळला. तरी एनएसईने ते सौदे रद्द केले नाहीत. तिथे मामांच्या 300 शेअरची काय कथा? भांडण ब्रोकरशी आणि फरकाच्या पैशांचं, एवढंच.

ब्रोकरला तक्रार सोडवायला 21 दिवस असतात. त्यात समाधान झालं नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर, घटनेपासून वर्षाच्या आत. तिथेही मिटलं नाही तर ऑनलाइन समेट आणि लवाद, ‘स्मार्ट ओडीआर’. मामा त्या पायऱ्या चढायला कंबर कसून होते. वेळ आली नाही.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. लॉगमध्ये मर्यादा होती 624. मुद्रणात मामांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: “सहाशे बेचाळीस.” आपण मराठीत आधी ‘बे’ म्हणतो, मग ‘चाळीस’. ऐकता ऐकता बोटं चालवणाऱ्या डीलरने सहाच्या पुढे आधी दोन दाबला, मग चार. आणि 624 कुठे अडकलंच नाही, कारण चालू भावाच्या खालची विक्री-मर्यादा यंत्राला मान्यच असते. ऑर्डर टाकल्यावर दर वाचून दाखवायची पद्धत आहे. मुद्रणात डीलर म्हणतो, “टाकली काका,” आणि फोन ठेवतो.

3,176 रुपये खात्यात जमा झाले. मामा हल्ली फोनवर भाव सांगतात तो असा: “सहा, चार, दोन. वाच बघू.”