‘निर्मिती’ छापखान्यात जाते तेव्हा

लेखक मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवतो. छापखान्यातला ऑपरेटर तो जुन्या पेजमेकरमध्ये चिकटवतो आणि पानभर प्रश्नचिन्हं उमटतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तिला युनिकोड कळत नाही. तिथे चालतात ते जुने फॉन्ट, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. कृतिदेव ०१० मध्ये `e` म्हणजे म आणि `r` म्हणजे त. म्हणून मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढावा लागतो.

हे काम एका अक्षराजागी दुसरं ठेवण्याइतकं सोपं नाही. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठवलेला असतो: न, मग ऱ्हस्व वेलांटी, मग र, हलन्त, म, पुन्हा वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. जुना फॉन्ट मात्र डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने चालतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी. रफार डोक्यावर येतो, म्हणून तो नंतर:

```
fufeZrh
```

`f` ही वेलांटी, `u` न, आणि रफाराचा `Z` हा म म्हणजे `e` नंतर. ‘स्थिती’मध्ये तर वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडून पुढे यावं लागतं.

मराठीची खरी कसोटी लागते ती ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांत. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरला हा र ओळखता आला नाही, तर तो त्याचा रफार करतो आणि ‘दुसर्या’ छापलं जातं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा तक्ता ते ओळखत नाही.

रूपांतर झालेला मजकूर वर्डमध्ये ठेवू नका. तिथलं ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं. `d` म्हणजे क आणि `D` म्हणजे अर्धा क्, त्यामुळे ‘कमळ’चा पहिलाच क मोडतो. अवतरणचिन्हही ते वळवतं, आणि कृतिदेवमध्ये श ची सुरुवातच त्या सरळ चिन्हाने होते. नोटपॅडमधूनच पुढे न्या. मूळ मजकुरातल्या इंग्रजी शब्दांना वेगळा रोमन फॉन्ट द्या, नाहीतर तेही देवनागरीत निरर्थक उमटतात.

श्रीलिपीचा तक्ता कृतिदेवहून निराळा आहे. म्हणून छापखान्याला आधी फॉन्टचं नेमकं नाव विचारा. रूपांतरित मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये उलटवून मूळ प्रतीशी ताडून पाहा, आणि छापील प्रुफात सगळ्यात आधी रफार, ऱ्हस्व वेलांट्या आणि ‘ऱ्या’ तपासा.