कायनाइट सांगतो खोलीचा हिशेब

डहाणू-तलासरीच्या खदानींत दिसतो तो काळा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झालेला हा कातळ नंतर कुठल्या पर्वताच्या पोटात गेला नाही. कोकणातल्या अशा बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक सापडतात. तेही फार तर दोन-अडीचशे अंशांपर्यंतच्या गरम पाण्यात वाढलेले.

पर्वत घडताना खडक किती खोल दाबले जातात, याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, भंडारा जिल्ह्यात आहे. तिथे कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन्ही खनिजं मिळतात. ज्या पर्वताच्या पोटात ती वाढली, तो केव्हाच झिजून गेला.

कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट या तिघांची रासायनिक घडण अगदी एकच: Al₂SiO₅. अणूंची मांडणी मात्र वेगळी. दाब वाढला की अणू दाटीने बसतात आणि कायनाइट बनतो. उष्णता वाढली की सिलिमनाइट, आणि दाब कमी असेल तर अँडालुसाइट. साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि चौदा-पंधरा किलोमीटर खोलीइतका दाब, या एकाच ठिकाणी तिघं एकत्र टिकू शकतात.

आता समजा, एका खडकात कायनाइटबरोबर गार्नेट आणि बायोटाइट आहेत. त्या दोघांत लोह आणि मॅग्नेशियम कसं वाटलं गेलंय, ते मोजून तापमान काढता येतं. ते ६०० अंश आलं, तर तिथे कायनाइट टिकायला वीसेक किलोमीटर खोलीचा दाब हवाच. त्याहून उथळ जागी सिलिमनाइट झाला असता. कायनाइटच्या कडेने सिलिमनाइटचे तंतू वाढलेले दिसले, तर खडक नंतर आणखी तापला किंवा वर येताना त्याच्यावरचा दाब उतरला.

अशा खनिजांवरून जॉर्ज बॅरो यांनी १८९३मध्ये स्कॉटलंडमधल्या खडकांचे पट्टे आखले. पुढे फिनलंडच्या पेंटी एस्कोला यांनी एकाच खनिजावर न विसंबता खनिजांच्या जथ्यावरून तापमान-दाबाचे टप्पे ठरवले. त्यांना रूपांतरणाच्या संलक्षणी म्हणतात.

पण कायनाइट दिसला नाही म्हणून खडक खोल गेलाच नाही, असं म्हणता येत नाही. त्याला ॲल्युमिनियम भरपूर असलेली मूळ चिखलमाती लागते. डहाणूचा बेसॉल्ट त्याच खोलीवर नेला असता, तर त्यात कायनाइटऐवजी हॉर्नब्लेंड आणि प्लॅजिओक्लेज दिसले असते. म्हणून भूवैज्ञानिक आधी मूळ खडक कोणता होता, ते विचारतात.

भंडाऱ्याकडे गेलात आणि निळसर, चपटा, लांबट स्फटिक हाती लागला, तर पोलादी सुरीने ओरखडा काढून पाहा. लांबीच्या दिशेने ओरखडा उठला आणि आडव्या दिशेने उठला नाही, तर तो कायनाइट.