चार ओळींत फूल

पाचवीच्या मुलांना फुलाचे भाग बाहेरून आत क्रमाने लक्षात राहावेत, म्हणून या चार ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळ 28 मात्रांची, टाळीवर म्हणता येणारी.

हिरवी वाटी निदलपुंज ती, राखी कळीस वरुनी,
आत पाकळ्या दलपुंजाच्या, कीटक येती बघुनी,
पुढे पुमंगी पुंकेसर हे, पिवळे पराग धरती,
मधोमधी जायांग विराजे, बीजे तेथे घडती.

एका ओळीत एकच मंडल, त्याचं नाव आणि त्याचं काम. आता एकेरी जास्वंद हातात घेऊन ओळी पडताळून पाहू.

देठाजवळ हिरवी वाटी दिसते. तिच्या कडेला पाच टोकं आहेत, म्हणजे पाच निदलं एकमेकांना जोडलेली आहेत. पण वाटीच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं. मुलं हमखास तेच पहिलं मंडल मानतात आणि पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. ते कडं जास्वंदीच्या कुळातल्या बऱ्याच फुलांत आढळणारी जादा भर आहे. ते बाजूला ठेवून वाटीपासून मोजायचं. मग पाच पाकळ्या येतात.

खरी अडचण तिसऱ्या ओळीपाशी येते. फुलातून बाहेर डोकावणाऱ्या लांब दांड्यावर पिवळे परागकोश दिसतात आणि अगदी टोकाला पाच मखमली ठिपके. हे ठिपके म्हणजे कुक्षी, जायांगाचा भाग. मुलं विचारतात, "जायांग मधोमध असतं, मग ते सगळ्यात बाहेर कसं आलं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मोठ्यांनी ब्लेडने फूल देठापासून टोकापर्यंत उभं चिरून द्यावं. दांडा आतून पोकळ निघतो. ती पुंकेसरांची नळी आहे. तिच्यातून एक नाजूक दोरा जातो, तो कुक्षीवृंत. वर तो कुक्षींना आणि खाली अंडाशयाला जोडलेला असतो. अंडाशय फुलाच्या तळाशी, अगदी मध्यावर बसलेलं दिसतं. म्हणजे कवितेतला क्रम टोकांचा नाही, बुडाचा आहे. कोणता भाग कुठपर्यंत वाढला यापेक्षा तो तळाशी कुठे जोडलेला आहे, हे पाहायचं.

म्हणून गच्च पाकळ्यांची दुहेरी जास्वंद या कामाला घेऊ नये. तिच्यात बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात आणि तिसरी ओळ नीट सापडत नाही. भोपळ्याच्या फुलात तर पुमंग आणि जायांग यांपैकी एकच असतं. तिथे एक ओळ गाळूनच म्हणावी लागते.

बागेतल्या जास्वंदीला आपल्याकडे फळ क्वचितच धरतं, त्यामुळे चौथी ओळ तिच्यावर पटवून देणं अवघड. त्यासाठी तिच्याच कुळातली भेंडी आडवी कापावी. सहसा पाच कप्पे दिसतात आणि त्यांत पांढरे दाणे. पिवळं फूल गळून गेल्यावर वाढलेलं अंडाशय म्हणजेच ही भेंडी.