पाणी तळाकडे सरळ जात नाही

सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर डोंगराळ भाग तपकिरी रेषांनी भरलेला असतो. या समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात आणि शेजारच्या दोन रेषांमध्ये साधारणपणे २० मीटरचा फरक असतो. पावसाचं पाणी कुठून कुठे जाईल, ते या नकाशात काढलेलं नसतं. पण ते नकाशातच दडलेलं असतं आणि एक छोटं समीकरण सोडवून बाहेर काढता येतं.

त्यामागचा तर्क साधा आहे. समोच्च रेषेवरून चालत गेलं, तर उंची बदलत नाही. म्हणजे पाणी थोडंसंही रेषेच्या दिशेने सरकलं, तर तेवढं अंतर उतरण्याच्या हिशेबात वाया जातं. सर्वांत जास्त उतार गाठायचा, तर रेषेच्या दिशेचा अंशही नको. तिला काटकोनात छेदूनच खाली जायला हवं. पुढची रेषा आली की पुन्हा तिला काटकोनात. असं करत उतरणारी वाट ही सगळ्या समोच्च रेषांना लंब असते. गणितात अशा वाटांना लंबच्छेदी वक्र म्हणतात; कॉलेजच्या वर्गात त्याच ‘ऑर्थोगोनल ट्रॅजेक्टरीज’ या नावाने भेटतात.

लोणारचं विवर हे याचं सोपं उदाहरण. ते जवळपास गोल आहे, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. अशा गोल खळग्याच्या समोच्च रेषा म्हणजे एकात एक बसलेली वर्तुळं, आणि वर्तुळाला काटकोनात छेदणारी रेष म्हणजे त्याची त्रिज्या. प्रत्यक्षातल्या ओघळी आणि दरडी सोडून दिल्या, तर चहूबाजूंनी पाणी थेट मध्याकडेच येणार. इथे समीकरणाची गरजच पडत नाही.

खळगा लांबट असला, की मात्र मजा सुरू होते.

समजा, एका मोठ्या परातीसारखा खळगा आहे, पण पूर्व-पश्चिम लांब आणि दक्षिण-उत्तर आखूड. तळाशी मध्यबिंदू धरला, पूर्वेकडचं अंतर x आणि उत्तरेकडचं अंतर y मानलं, तर त्याच्या समोच्च रेषा अशा लिहिता येतील:

x² + 2y² = c

c ची किंमत बदलत गेलं, की एकात एक बसलेली लंबवर्तुळं मिळतात. हे सगळं मिळून झालं वक्रांचं एक कुल. c हा त्या कुलातला कोणता सदस्य, ते सांगणारा आकडा.

आता (4, 2) या बिंदूवर, म्हणजे मध्यापासून चार मीटर पूर्वेला आणि दोन मीटर उत्तरेला, पाण्याचा एक थेंब पडला. तो कोणत्या वाटेने तळाशी जाईल? बहुतेक लोक सरळ तळाकडे बोट दाखवतील. त्या सरळ रेषेचा चढ अर्धा येतो: दोन मीटर पूर्व-पश्चिम गेल्यावर एक मीटर दक्षिण-उत्तर.

समीकरणाला विचारू. x² + 2y² = c याचं अवकलन केलं, तर 2x + 4y·(dy/dx) = 0 मिळतं. म्हणजे लंबवर्तुळाचा कोणत्याही बिंदूवरचा चढ

dy/dx = −x / (2y)

c नाहीसा झाला. हे फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे पुन्हा वळू. दोन रेषा काटकोनात छेदत असतील, तर त्यांच्या चढांचा गुणाकार −1 येतो, हे शाळेतलं. त्यामुळे पाण्याच्या वाटेचा चढ मिळवायचा, तर वरचा अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं:

dy/dx = 2y / x

हे झालं अवकल समीकरण. प्रत्येक बिंदूवर वाटेची दिशा कोणती, एवढंच ते सांगतं. वाट स्वतः शोधून काढायची असते. इथे काम सोपं आहे. y एका बाजूला आणि x दुसऱ्या बाजूला केला, तर dy/y = 2·dx/x. दोन्ही बाजूंचं समाकलन केलं, की ln y = 2 ln x अधिक एक स्थिरांक, म्हणजेच

y = kx²

पाण्याच्या वाटा अन्वस्त, म्हणजे पॅराबोला निघाल्या. (4, 2) मधून जाणाऱ्या वाटेसाठी k = 1/8. त्या ठिकाणी तिचा चढ 2y/x = 1 येतो, अर्धा नव्हे. थेंब तळाकडे रोख धरून निघतच नाही; तो नेमक्या ४५ अंशांत नैर्ऋत्येकडे सुटतो. लंबवर्तुळाचा चढ तिथे −4/4 = −1, गुणाकार −1, काटकोन पक्का. वाटेत x = 2 आला, की y अर्धा मीटर उरतो; x = 1 ला तो मीटरचा आठवा भाग, साडेबारा सेंटीमीटर. थेंबाने आधी आखूड बाजूची उंची उतरून घेतली आणि मग लांब अक्षाला जवळपास चिकटून तो मध्याकडे आला. खळग्यात कुठेही पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब शेवटी याच अक्षाला बिलगून तळ गाठतो, कारण y = kx² हे सगळे अन्वस्त मध्यबिंदूपाशी त्याच अक्षाला स्पर्श करतात.

जवळजवळ का, तर एक वाट सुटली आहे. समीकरण सोडवताना x ने भागलं होतं आणि x शून्य असेल तेव्हा ते चालत नाही. नेमका आखूड अक्षावर, x = 0 वर पडलेला थेंब सरळ त्याच अक्षाने खाली येतो. भागाकारात हरवलेलं हे उत्तर हाताने परत घ्यावं लागतं. मात्र त्या वाटेचा भरवसा नाही. थेंब अक्षापासून फक्त दहा सेंटीमीटर बाजूला, (0.1, 2) वर पडला, तर k = 200. बराच वेळ तो आखूड अक्षाचाच वाटतो. मध्यापासून दोन्ही अंतरं अर्ध्या सेंटीमीटरवर आली, की मग कुठे वळण घेऊन लांब अक्षाच्या गोटात जातो. खुद्द मध्यबिंदूवर तर सगळ्याच वाटा एकत्र येतात. तिथे उतारच नाही, त्यामुळे काटकोनाला अर्थ नाही. समीकरणही तिथे 0/0 म्हणतं, आणि ते बरोबरच आहे.

आता तो c. परीक्षेत प्रश्न बहुधा उलट्या बाजूने येतो: y = cx² हे अन्वस्तांचं कुल दिलं आहे, त्याचे लंबच्छेदी वक्र काढा. अवकलन केलं, तर dy/dx = 2cx. इथे c गेला नाही. घाईत असलेला विद्यार्थी लगेच उलटं करतो, −1/(2cx), आणि समाकलन करून लॉगॅरिदमचा वक्र काढून मोकळा होतो. उत्तर दिसायला सुबक असतं, पण चुकीचं.

चूक कुठे झाली, ते दोन बिंदू तपासले की दिसतं. c = 1/8 ठेवून काढलेल्या त्या वक्राचा चढ (4, 2) वर −1 येतो; तिथल्या अन्वस्ताचा चढ 1, म्हणजे काटकोन जमला. पण (4, 4) वर c = 1/4 असलेला दुसरा अन्वस्त आहे, त्याचा चढ 2. चुकीच्या वक्राचा चढ मात्र −1 च राहतो, कारण त्यात जुनाच c अडकून बसला आहे. गुणाकार −2. म्हणजे तो वक्र कुलातल्या एकाच सदस्याला लंब आहे, बाकीच्यांना वाटेल तसा छेदत जातो. म्हणून उलटं करण्याआधी c घालवायचा: मूळ समीकरणावरून c = y/x², तो 2cx मध्ये भरला की 2y/x. आता उलटं करून −x/(2y), म्हणजे 2y·dy = −x·dx, आणि समाकलन केलं की पुन्हा x² + 2y² = स्थिरांक. आपलीच लंबवर्तुळं.

हा प्रश्न एकेकाळी परीक्षेपेक्षा मोठ्या भांडणात वापरला गेला. कलनशास्त्र आधी कोणी शोधलं, यावरून लायब्निट्स आणि न्यूटन यांच्यात वाद पेटलेला असताना लायब्निट्सने १७१५ च्या अखेरीस आबे कोंती यांच्यामार्फत इंग्लंडच्या गणित्यांना हे कोडं धाडलं: एका कुलातल्या सगळ्या वक्रांना काटकोनात छेदणारा वक्र काढून दाखवा. हेतू उघड होता, इंग्रजांची नाडी बघायची. न्यूटन तेव्हा टांकसाळीचा प्रमुख होता, वय ७३. टांकसाळीतून दमून घरी आल्यावर झोपण्याआधीच त्याने ते सोडवलं, असं सांगतात. त्याचं निनावी उत्तर १७१६ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आलं, पण त्यात सर्वसाधारण पद्धतीची रूपरेषाच होती, एखादं उदाहरण शेवटपर्यंत सोडवलेलं नव्हतं. योहान बर्नूलीच्या गोटाने त्यावर नाकं मुरडली. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं: समीकरण मांडणं बहुतेक वेळा दोन ओळींचं काम असतं, खरा कस ते सोडवताना लागतो. वरच्या उदाहरणात x आणि y सरळ वेगळे झाले. दुसऱ्या कुलांत ते होतीलच असं नाही, आणि मग संगणकाकडून बिंदूमागून बिंदू काढून घ्यावे लागतात.

संगणकावर काढलेल्या आलेखात आणखी एक फसगत होते. उत्तर बरोबर असूनही पडद्यावर वक्र तिरपेच छेदताना दिसतात. दोष बहुधा गणिताचा नसतो. आडव्या आणि उभ्या अक्षांचं प्रमाण वेगळं पडलेलं असतं. त्याच आलेखात x² + y² = 1 काढून बघावं. ते अंड्यासारखं दिसलं, तर काटकोनही वाकडे दिसणारच.

धरणाखालून झिरपणाऱ्या पाण्याचा हिशेब करणारे सिव्हिल इंजिनिअर हेच ताणणं मुद्दाम करतात. ‘फ्लो नेट’ या त्यांच्या आकृतीत रेषांची दोन कुलं असतात: समान दाबपातळीच्या रेषा आणि पाणी ज्या वाटांनी झिरपतं त्या रेषा. माती सगळ्या दिशांना सारखंच पाणी जाऊ देत असेल, तर ही दोन कुलं एकमेकांना लंब असतात. पण थराथरांनी साचलेल्या मातीतून पाणी उभ्यापेक्षा आडवं सहज जातं. आडवी पार्यता उभीच्या चौपट असेल, तर पाणी दाबपातळीच्या रेषांना काटकोनात छेदत नाही, आणि काटकोन धरून काढलेली आकृती चुकते. अशा वेळी इंजिनिअर आधी सगळी आडवी अंतरं निम्मी करतो (चारचं वर्गमूळ दोन, म्हणून निम्मी), त्या आखडलेल्या आकृतीत काटकोनांचं जाळं विणतो आणि मग ते आडवं दुप्पट ताणून मूळ मापावर आणतो. ताणल्यावर काटकोन मोडतात, आणि त्या मातीत पाणी खरोखर त्याच तिरप्या वाटांनी जातं.