विक्रीचा कडेलोट म्हणजे तळ नव्हे

१० ऑक्टोबर २००८, शुक्रवार. लेहमन ब्रदर्स बुडून जेमतेम साडेतीन आठवडे झाले होते आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्या दिवशी तोवरचा विक्रमी व्हॉल्यूम नोंदला गेला. एस अँड पी ५०० हा निर्देशांक ९०२ च्या आसपास उघडला, दिवसभरात ८४० पर्यंत कोसळला, तिथून ९३६ पर्यंत उसळला आणि शेवटी ८९९ वर बंद झाला. त्या एका आठवड्यात तो १८ टक्के पडला होता. आलेखावर त्या दिवसाची कँडल पाहिली तर मधलं अंग अगदी छोटं, खाली लांबलचक शेपूट आणि तिच्याखाली व्हॉल्यूमचा आकाशाला भिडलेला खांब असं चित्र दिसतं.

बाजारातली माणसं याला कॅपिट्युलेशन कँडल म्हणतात. महिनोन्‌महिने तोटा सोसत बसलेले लोक अखेर हार मानतात आणि मिळेल त्या भावाला माल फुंकून टाकतात, तो हा दिवस. सोमवारी, १३ ऑक्टोबरला, निर्देशांक एका दिवसात साडेअकरा टक्के वर गेला आणि १००३ वर बंद झाला. तळ लागला, असं त्या संध्याकाळी अनेकांना वाटलं असणार. प्रत्यक्षात तळ लागायला अजून पाच महिने होते. तो लागला ९ मार्च २००९ ला, ६७६ वर. म्हणजे सोमवारच्या उसळीत ज्यांनी खरेदी केली, त्यांचा एक तृतीयांश पैसा तोवर गेलेला होता.

मग त्या कँडलने खोटं सांगितलं का? नाही. तिने सांगितलं ते खरंच होतं, फक्त ते अर्धं होतं.

तिच्या पोटात काय असतं ते आधी पाहू. घसरणीच्या अखेरच्या टप्प्यात विकणारे सगळेच स्वतःच्या मर्जीने विकत नसतात. उधारीवर शेअर घेतलेल्यांना ब्रोकरचा मार्जिन कॉल येतो. वेळेत पैसे भरले नाहीत, तर ब्रोकर त्यांचा माल भाव न बघता विकतो. म्युच्युअल फंडातून आणि हेज फंडातून गुंतवणूकदार पैसे काढून घेतात, तेव्हा फंड व्यवस्थापकाला शेअर स्वस्त वाटत असले तरी विकावेच लागतात. स्टॉपलॉस एकामागून एक लागत जातात. एकाच्या विक्रीने भाव पडतो आणि पडलेला भाव दुसऱ्याला विकायला लावतो. अशी सक्तीची विक्री एका दिवसात दाटली की व्हॉल्यूम नेहमीच्या कितीतरी पट होतो. पण प्रत्येक सौद्याला दुसरी बाजू असतेच. विकला गेलेला प्रत्येक शेअर त्या दिवशी कोणीतरी घेतलेलाही आहे. खालची लांब शेपूट नेमकं हेच दाखवते, की त्या खालच्या भावाला घेणारे पुढे आले आणि त्यांनी भाव वर ढकलला.

म्हणजे मोठा व्हॉल्यूम एवढंच सांगतो की ज्यांना आज विकणं भाग होतं ते विकून मोकळे झाले. उद्या आणखी कोणाला विकावं लागेल का, आणि वरच्या भावाला घ्यायला कोणी उभं आहे का, हे दोन प्रश्न त्या कँडलच्या कक्षेबाहेरचे आहेत.

सोमवारची उसळी याच पोकळीतून आली. विकणारे तात्पुरते संपले, की थोड्याशा खरेदीनेही भाव झपाट्याने चढतो. त्यात भर पडते मंदीवाल्यांची. शेअर हातात नसताना आधी विकून ठेवलेले हे लोक नफा पदरात पाडायला किंवा तोटा आवरायला तो परत विकत घेतात. या शॉर्ट कव्हरिंगमुळे उसळी फार उंच आणि फार वेगाने येते, म्हणूनच मंदीच्या काळातल्या काही दिवशी बाजार तेजीतही चढत नाही इतका चढतो. पण ही खरेदी म्हणजे जुना व्यवहार मिटवणं आहे, नवी गुंतवणूक नव्हे. ती संपली की चढण थांबते, आणि वर अडकून पडलेले लोक ‘निदान एवढे तरी सुटले’ म्हणत विकायला लागतात. १३ ऑक्टोबरच्या त्या विक्रमी वाढीत व्हॉल्यूम शुक्रवारपेक्षा बराच कमी होता. दोनच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, निर्देशांक नऊ टक्के पडला.

दिलाशाची उसळी ओळखण्याची पहिली खूण ही, की भाव चढत जातो आणि व्हॉल्यूम आटत जातो. पुढच्याच महिन्यात याचा आणखी लांबलेला नमुना दिसला. २० नोव्हेंबरला निर्देशांक ७५२ वर बंद झाला आणि तिथून ६ जानेवारी २००९ पर्यंत ९३४ वर गेला. दीड महिन्यात २४ टक्के वाढ! पण नाताळ आणि नववर्षाच्या सुस्त दिवसांतली ही चाल हलक्या व्हॉल्यूमवरची होती. बँकांच्या तोट्याच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्यावर ती सगळी पुसली गेली.

दुसरी खूण मिळायला वाट पाहावी लागते. उसळी विरल्यावर भाव पुन्हा जुन्या नीचांकाजवळ येतो, तेव्हा तिथे किती विक्री होते ते बघायचं. याला रिटेस्ट म्हणतात. मार्च २००९ मध्ये निर्देशांक ऑक्टोबरच्या आणि नोव्हेंबरच्या तळाच्याही खाली गेला होता, म्हणजे किमतीपुरतं पाहिलं तर परिस्थिती अधिक वाईट होती. पण आतलं चित्र वेगळं होतं. व्हॉल्यूम १० ऑक्टोबरपेक्षा बराच कमी होता. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या बाजारातले बहुतेक शेअर वर्षभराच्या नीचांकावर आपटले होते. मार्चमध्ये अशा शेअरची संख्या निम्म्याहूनही कमी होती. भीतीचा निर्देशांक मानला जाणारा व्हिक्स १० ऑक्टोबरला ७० च्या आसपास आणि २० नोव्हेंबरला ८० च्या वर बंद झाला होता. ९ मार्चला तो पन्नाशीच्या आसपास होता. व्हॉल्यूमचं शिखर ऑक्टोबरात, भीतीचं नोव्हेंबरात आणि किमतीचा तळ मार्चमध्ये, असा तो क्रम लागला. भाव नवा नीचांक गाठतोय, पण विकायला पूर्वीइतकं कोणी धावत नाही, ही विसंगती तळाजवळची.

तिसरी खूण घेणाऱ्यांची. अमेरिकी गुंतवणूकदार विल्यम ओनील यांनी यासाठी एक ठोकताळा मांडला. नीचांकानंतरच्या पहिल्या तीन दिवसांची वाढ धरायचीच नाही, कारण तिच्यात शॉर्ट कव्हरिंगचा वाटा मोठा असतो. दरम्यान नीचांक मोडला नाही आणि चौथ्या किंवा त्यापुढच्या दिवशी निर्देशांक आदल्या दिवसापेक्षा जास्त व्हॉल्यूमवर ठसठशीत वाढला, तर मोठ्या संस्था खरेदीला उतरल्या असं समजायचं. त्याला ते फॉलो-थ्रू डे म्हणत. ६ मार्च २००९ ला दिवसातला नीचांक ६६६ लागला आणि पुढे तो मोडला नाही. १० मार्चला सिटीग्रुपचे प्रमुख, मूळचे नागपूरचे विक्रम पंडित यांचं कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं. वर्षाचे पहिले दोन महिने बँक नफ्यात होती, असं त्यात म्हटलं होतं. त्या दिवशी निर्देशांक सहा टक्क्यांहून जास्त वाढला. १२ मार्चला, म्हणजे मोजणीच्या पाचव्या दिवशी, तो आणखी चार टक्के वाढून ७५० वर बंद झाला, आणि व्हॉल्यूमही आदल्या दिवसापेक्षा जास्त होता. या वेळी विक्रीचं मूळ कारणही सैल होत होतं. बँका बुडतील या भीतीने बाजार पडला होता आणि बातमी बँकेच्या नफ्याची होती.

मुंबईत हेच नाटक थोड्या वेगळ्या अंकांत घडलं. २४ ऑक्टोबर २००८ ला सेन्सेक्स जवळपास ११ टक्के कोसळला. सोमवारी, २७ तारखेला, ऐन दिवाळीत, तो ७६९७ पर्यंत घसरला आणि तिथून आठशे अंकांहून जास्त सावरून ८५०९ वर बंद झाला. मार्च २००९ मध्ये बाजार पुन्हा खाली आला आणि ९ तारखेला ८१६० वर बंद झाला. बंद भाव ऑक्टोबरच्या खाली होता, पण दिवसातला ७६९७ चा नीचांक शाबूत राहिला. न्यूयॉर्कचा निर्देशांक जुने तळ मोडून नव्या तळाला जात असताना सेन्सेक्स मात्र आपल्या तळावर तग धरून होता.

हे ठोकताळे फसतातही, आणि दोन्ही बाजूंनी फसतात. १३ मार्च २०२० ला निफ्टी सकाळीच दहा टक्के पडला, ४५ मिनिटं व्यवहार बंद राहिले, नीचांक ८५५५ लागला आणि तरी दिवसअखेर तो ९९५५ वर, आदल्या दिवसापेक्षाही वर बंद झाला. यापेक्षा देखणी कँडल मिळणं कठीण. तिसऱ्या सत्रात निफ्टी त्या शेपटीच्याही खाली बंद झाला आणि २४ मार्चला ७५११ पर्यंत गेला. उलट त्या खऱ्या तळाला रिटेस्ट मिळालीच नाही. एप्रिलच्या सुरुवातीला बाजार थोडा माघारी आला, पण ७५११ च्या जवळपासही फिरकला नाही. सरकारं आणि मध्यवर्ती बँका इतक्या वेगाने पैसा ओतत होत्या, की रिटेस्टची वाट पाहणारा बाहेरच राहिला. फॉलो-थ्रू डेसुद्धा प्रत्येक वेळी टिकत नाही. मंदीत असे काही दिवस येतात आणि आठवड्याभरात विरून जातात.

म्हणून वाट पाहण्याची किंमत आणि घाईची किंमत शेजारी मांडून पाहावी. १२ मार्च २००९ ला ७५० वर खरेदी करणाऱ्याने तळापेक्षा ११ टक्के जास्त मोजले. १३ ऑक्टोबर २००८ ला १००३ वर खरेदी करणाऱ्याला पुढे ३३ टक्क्यांची घसरण सोसावी लागली. शिवाय पहिल्यापाशी एक रेष होती. ६६६ चा नीचांक मोडला तर आपलं चुकलं असं समजून बाहेर पडायचं, हे त्याला खरेदीच्या क्षणीच ठरवता येत होतं. घाईत घेणाऱ्यासमोरही ८४० ची रेष होती. ती २० नोव्हेंबरच्या आधीच्या दिवसांत तुटली, आणि जो तेव्हा बाहेर पडला त्याचा तोटा साधारण १६ टक्क्यांवर थांबला. ‘एवढ्या व्हॉल्यूमनंतर आता आणखी काय पडणार’ या भरवशावर जो थांबला, त्याचा तोटा मार्चपर्यंत दुप्पट झाला.